वाचनालयाच्या सभासद यादीतले फोन नंबर : कामाच्या नोंदी

३ जून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची सभासद यादी आज हातात आली. कागदी रजिस्टरवरून दोन मुलांनी सुट्टीत ती एक्सेलमध्ये उतरवून दिली आहे. ओळी हजाराच्या वर. ए रकान्यात नाव, बी रकान्यात फोन. वार्षिक सभेची सूचना यंदा मोबाईलवर पाठवायची असं कमिटीने ठरवलं आहे, त्यामुळे कोणते नंबर चालणार नाहीत ते आधी कळायला हवं. खजिनदार काकांचं म्हणणं एवढंच, "जे चुकीचे आहेत ते लाल करून दे, बाकीचं बाई बघतील." बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल.

रजिस्टर जुनं आहे. सुरुवातीच्या पानांवर सगळे घरचे टेलिफोन, नंतर हळूहळू मोबाईल. बेळगावचे काही आकडे तर सहाच अंकी आहेत, पुढे २ लागण्याआधीचे. सभासद इथलेच असले तरी पोरंबाळं कुठे गोव्यात, कुठे कोल्हापुरात, कुठे निपाणीत, आणि "संपर्कासाठी" म्हणून त्यांचेच नंबर दिलेले. सीमाभागातली यादी म्हणजे तीन राज्यांचे टेलिफोन कोड एकाच रकान्यात. यातून काहीतरी निघणार असं पान उलटतानाच वाटलं.

आज एकच काम केलं. फाईलची प्रत काढली आणि बी रकान्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. मुलांनी जे टाकलं ते तसंच राहील, साफसफाई शेजारच्या रकान्यात होईल. नंतर कुणी विचारलं की हा नंबर असा कसा, तर मूळ दाखवता यायला हवं.

४ जून

फाईलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगचा एक नियम आधीपासून होता. कुणी घातला माहीत नाही, बहुधा जुन्या एखाद्या फाईलवरून आला असावा. पहिला अंक सहापेक्षा लहान असेल तर लाल, असा त्याचा हेतू दिसतो:

```
=LEFT(B2,1)<6
```

यादीत लाल काहीच नाही. पण २ ने सुरू होणारे नंबर डोळ्यांना सरळ दिसत होते. मग नियम गप्प का? कारण LEFT जे काढून देतं ते मजकूर असतं, आकडा नव्हे. समोरचा 6 मात्र आकडा आहे. मजकूर आणि आकडा यांची तुलना करायची वेळ आली की एक्सेल मजकुराला नेहमीच मोठा धरतं. त्यामुळे "2" सुद्धा 6 पेक्षा मोठा ठरतो, आणि हा नियम कधीच खरा होत नाही. एरर येत नाही, इशारा येत नाही, रकाना पांढराशुभ्र. असा नियम नसलेलाच बरा, कारण पांढरं दिसलं की माणूस निर्धास्त होतो.

तो काढून टाकला. भारतातला मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. या दोन गोष्टींचे दोन वेगळे नियम केले. दोन्ही एकाच फॉर्म्युल्यात कोंबता येतात, पण मग एखादा नंबर नेमका कशामुळे लाल झाला ते कळत नाही.

```
=LEN(B2)<>10
```

```
=ISERROR(FIND(LEFT(B2,1),"6789"))
```

दुसऱ्यात पहिला अंक काढून तो 6789 या चार अक्षरांत सापडतो का ते पाहिलं आहे. दोन्ही बाजूंना मजकूरच असल्याने आधीच्या नियमासारखा घोळ होत नाही. लांबी चुकली तर लाल, सुरुवात चुकली तर नारिंगी.

नियम लावण्याआधी B2 पासून शेवटच्या ओळीपर्यंतच निवडायचं, बी रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून अख्खा रकाना नाही. अख्खा निवडला तर निवड B1 पासून सुरू होते आणि फॉर्म्युला B2 चा असतो. मग प्रत्येक चुकीचा रंग तिच्या वरच्या ओळीला चढतो. शीर्षकाची ओळ लाल दिसली किंवा धडधाकट नंबर रंगलेला दिसला, तर आधी हेच तपासावं.

रिकाम्या जागाही लाल झाल्या, कारण रिकाम्याची लांबी शून्य. पण फोनच न देणं आणि चुकीचा फोन देणं या दोन गोष्टी वेगळ्या. रिकाम्यांसाठी राखाडी रंगाचा तिसरा नियम करून तो यादीत सर्वांत वर नेला आणि त्याच्यापुढच्या Stop If True वर टिचकी मारली, म्हणजे त्या पेशीसाठी पुढचे नियम बघितलेच जात नाहीत.

६ जून

कालचा अख्खा दिवस लाईट नव्हती. जांबोटीकडे पाऊस लागला की इकडे हे ठरलेलं.

आज लाल ओळी चाळल्या. निम्म्याहून जास्त नंबर खरे तर ठीक आहेत. कुणी पाच अंकांनंतर जागा सोडली आहे, कुणी आडवी रेघ दिली आहे, कुणी पुढे +91 लावलं आहे. पुढे ० लावलेलेही पुष्कळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावायचा तर आधी ० फिरवावा लागतो, तेव्हापासून काही लोक नंबर सांगतानाच शून्यासकट सांगतात.

91 लावून सलग लिहिलेले काही नंबर तर पेशीत `9.19E+11` असे दिसत होते. बाई घाबरल्या, नंबर गेला म्हणून. गेलेला नाही. बारा अंकी आकडा साध्या फॉरमॅटमध्ये एक्सेल असा आखडून दाखवतं. पेशीवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत पूर्ण नंबर दिसतो आणि LEN बाराच मोजतं. खरोखर जातो तो पंधरा अंकांच्या पुढचा भाग. एकाने दोन मोबाईल मध्ये काहीच न घालता वीस अंक सलग टाकले आहेत, आणि त्यातले शेवटचे पाच अंक शून्य झाले आहेत. दुसरा नंबर रजिस्टरमधूनच पुन्हा घ्यावा लागेल, फाईलमधून तो परत येणार नाही.

मग काही ओळी अशा निघाल्या की डोळ्यांना दहा अंक, सुरुवात ९ ने, मध्ये जागा नाही, आणि तरी लाल. LEN विचारलं तर अकरा किंवा बारा म्हणतं. हे नंबर मुलांनी रजिस्टरवरून टाकलेले नव्हते. सभासदांनी नंतर कळवलेले, फोनवरून कॉपी करून चिकटवलेले होते. पहिलं अक्षर काय आहे ते असं विचारलं:

```
=UNICODE(LEFT(B2,1))
```

उत्तर आलं 8234. इंग्रजी ९ चा क्रमांक 57 असतो. 8234 म्हणजे मजकुराची दिशा सांगणारी एक खूण, जिला स्वतःला आकारच नाही. तिची जोडीदार 8236 नंबरच्या शेवटी बसलेली. दुसऱ्या काही ओळींत मध्ये 160 सापडला. ही न तुटणारी जागा. दिसायला साधी स्पेस, पण TRIM तिला ओळखत नाही आणि स्पेसबारने शोधली तर सापडत नाही.

म्हणून सी रकान्यात साफ केलेला नंबर काढला:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),"-",""),"+",""),
UNICHAR(160),""),UNICHAR(8234),""),UNICHAR(8236),"")
```

आणि डी रकान्यात पुढचं 91 किंवा 0 काढलं:

```
=IF(AND(LEN(C2)=12,LEFT(C2,2)="91"),RIGHT(C2,10),
IF(AND(LEN(C2)=11,LEFT(C2,1)="0"),RIGHT(C2,10),C2))
```

लांबी आधी बघितल्याशिवाय 91 काढायचं नाही. 91 ने सुरू होणारे दहा अंकी मोबाईल भरपूर आहेत. त्यांचं डोकं उडवलं तर धड नंबरचा आठ अंकी तुकडा होतो.

लांबीचा आणि सुरुवातीचा नियम आता डी रकान्यावर लावले. फॉर्म्युल्यात B2 च्या जागी $D2. रिकाम्यांच्या नियमातही तसंच. लाल बरंच ओसरलं.

८ जून

नारिंगी ओळी. इथे एक गंमत निघाली. काही नंबर दहा अंकी, ९ ने सुरू होणारे, आणि नारिंगी. एका मुलाच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू होता, त्यामुळे नंबर देवनागरी आकड्यांत पडले आहेत, मध्ये जागा सोडून. दोन-चार ओळी कन्नड आकड्यांतही आहेत. LEN ला लिपीशी देणंघेणं नाही, ते दहाच मोजतं. पण 6789 मध्ये देवनागरी ९ सापडत नाही, म्हणून सुरुवातीचा नियम त्यांना धरतो. म्हणजे नंबर खरा, फक्त मोबाईलला कळेल अशा आकड्यांत नाही. ओळी थोड्या होत्या, बाईंनी बसून हाताने बदलल्या. शेकड्यांनी असत्या तर दहा अंकांसाठी दहा SUBSTITUTE लावले असते.

उरलेल्या नारिंगींमध्ये 2312 ने सुरू होणारे बरेच. हा कोल्हापूरचा कोड, 0231, पुढचं शून्य गेलेला. गडहिंग्लजचे 2327 वाले आहेत. हे सगळे लँडलाईन. नियमाने बरोबर पकडले.

काका येऊन बघून गेले. म्हणाले, "म्हणजे घरचे फोन वेगळे काढलास, बेस झालं की."

मी हो म्हटलं नाही. कोल्हापूरचे लँडलाईन एवढे दिसतात, मग बेळगावचे का दिसत नाहीत? रजिस्टरमध्ये तेच सर्वांत जास्त असायला हवेत.

११ जून

बेळगावचे लँडलाईन यादीतच आहेत. पांढरे.

एक ओळ पूर्ण उलगडून लिहून ठेवतो, कारण बाकीच्या सगळ्या अशाच आहेत. रजिस्टरमध्ये नंबर असा लिहिलेला: 0831, मग आडवी रेघ, मग २ ने सुरू होणारे सात अंक. टाकणाऱ्याने रेघ गाळून सलग टाकला, `08312xxxxxx`. पेशी साध्या फॉरमॅटची होती, म्हणून एक्सेलने त्याला आकडा समजून पुढचं शून्य खाल्लं. उरलं `8312xxxxxx`. मोजा, दहा अंक. पहिला अंक ८. दोन्ही नियमांतून हा नंबर ताठ मानेने पुढे जातो.

ज्यांनी रेघ तशीच ठेवली त्यांच्या पेशीत शून्य शाबूत आहे, कारण रेघेमुळे एक्सेलने तो मजकूर धरला. पण डी रकान्यातला माझा फॉर्म्युला अकरा अंकी नंबरचं पुढचं शून्य काढतो, आणि तिथे तोही नंबर त्याच रूपात येतो. मोबाईलपुढचं शून्य आणि कोडपुढचं शून्य यांत फॉर्म्युल्याला फरक कळण्याचं कारण नाही.

मुळात भारतातला नंबर, लँडलाईन असो की मोबाईल, पुढचं शून्य सोडलं तर दहा अंकीच असतो. बेळगावचा कोड तीन अंकी आणि नंबर सात अंकी. खानापूर किंवा निपाणीचा कोड चार अंकी आणि नंबर सहा अंकी. बेरीज सगळीकडे दहा. म्हणजे शून्य गेल्यावर लांबीचा नियम लँडलाईन पकडूच शकत नाही, तो भार सगळा पहिल्या अंकावर येतो. विदर्भ सोडला तर महाराष्ट्रातले कोड २ ने सुरू होतात, मुंबई 022, पुणे 020, कोल्हापूर 0231, त्यामुळे तिथल्या यादीत पहिला अंक हे काम चोख करतो. पुण्याच्या एखाद्या संस्थेत हाच नियम लावला तर तक्रारीला जागा राहणार नाही. कर्नाटकातले कोड मात्र ८ ने सुरू होतात, बंगळूर 080, बेळगाव 0831, खानापूर 08336, निपाणी आणि चिकोडी 08338. आणि ८ हा मोबाईलचाही अंक आहे. वर गोव्याचा 0832 देखील ८ चाच. आमच्या यादीत नियम अर्धा चालतो. घाटाखालचे गोव्याचे आणि इथले घरचे फोन मोबाईल म्हणून निसटतात, फक्त कोल्हापूरकडचे सापडतात.

मग तिसरा नियम हवा. पहिला विचार असा की 831 ने सुरू होणारे सगळे पिवळे करावेत. पण 8310 ने सुरू होणारे मोबाईल कर्नाटकात सर्रास आहेत. यादीतही आहेत, त्यातला एक तर आमच्याच एका कमिटी सदस्याचा. ते उगाच रंगले असते. आपल्या रजिस्टरमधले बेळगावचे घरचे फोन सगळे कोडनंतर २ ने सुरू होतात, तेव्हा कोड आणि त्यापुढचा २ असं दोन्ही मिळून बघायचं:

```
=OR(LEFT($D2,4)="8312",LEFT($D2,4)="8322",
LEFT($D2,5)="83362",LEFT($D2,5)="83382")
```

बेळगाव, गोवा, खानापूर, निपाणी-चिकोडी. यादीत अथणी किंवा गोकाकचे कुणी नाहीत म्हणून त्यांचे कोड घातले नाहीत, लागले तर त्याच पद्धतीने वाढवता येतील. रंग पिवळा ठेवला, लाल नाही. हा नंबर चुकीचा नाही, फोन लावला तर वाजेलही. फक्त त्यावर मेसेज जाणार नाही.

नियम लावल्याबरोबर यादीचा सुरुवातीचा भाग पिवळा पडला. रजिस्टरची जुनी पानं तीच, त्यामुळे पटलं. मध्ये मध्ये एकेकटे पिवळे होते त्यांची रजिस्टरशी गाठ घातली. सगळीकडे पुढे शून्य आणि बहुतेक ठिकाणी मध्ये रेघ. एक नंबर मडगावच्या दुकानाचा निघाला, सभासदाच्या मुलाचा. बाईंनी तिथे लावून पाहिला. पलीकडून उत्तर आलं, "दुकानाचाच होय, मेसेज कशाला, बाबांना सांगतो की."

शून्य खाल्लेली पेशी ओळखायची एक सोपी खूण आहे. बी रकान्यात अलाइनमेंट कुणी बदलली नसेल तर आकडे उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या. पिवळ्या ओळींतले बहुतेक उजवीकडे. तिथे आता फॉरमॅट Text केला तरी शून्य परत येत नाही. नंबर टाकण्याआधी फॉरमॅट बदललेला असेल तरच उपयोग.

१३ जून

नियमांचा क्रम बसवला. वरून खाली: राखाडी, लाल, नारिंगी, पिवळा. कोडशिवाय लिहिलेला घरचा फोन, म्हणजे सहा-सात अंकी, लाल आणि नारिंगी दोन्ही नियमांत बसतो. दोन्ही नियम पार्श्वभूमीचाच रंग मागत असल्याने वरचा जिंकतो, लाल दिसतो. मला तेच हवं होतं, आधी लांबी दुरुस्त होऊ दे.

काकांना किती लाल, किती पिवळे ते हवं होतं. COUNTIF रंग मोजत नाही. फिल्टरमधून रंगानुसार ओळी वेगळ्या काढता येतात, कंडिशनल फॉरमॅटिंगने आलेला रंगही तिथे चालतो, पण दर वेळी फिल्टर लावून खालच्या पट्टीत आकडा बघायचा म्हणजे बाईंना त्रास. म्हणून ई रकान्यात हेच नियम IF मध्ये त्याच क्रमाने लिहून "रिकामा", "लांबी", "सुरुवात", "घरचा", "ठीक" असे शब्द आणले. मोजणी त्या शब्दांची. रंग डोळ्यांसाठी, शब्द हिशेबासाठी.

"ठीक" या शब्दावर कमिटीत थोडी चर्चा झाली. माझं मत असं की तो ठेवावा, पण त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असावा. दोन अंक उलटसुलट झालेला नंबर दहा अंकीच राहतो आणि ९ नेच सुरू होतो. बंद पडलेला नंबर, दुसऱ्याला मिळालेला नंबर, टाकायचा म्हणून टाकलेला `9999999999`, हे सगळे "ठीक" मध्येच येतात. शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला असेल तर तोही सुटतो, त्यासाठी एक जास्तीचा नियम घातला:

```
=ISERROR(VALUE($D2))
```

त्यात एकच ओळ सापडली. तीही ओ ची नव्हती, शेवटी कुणीतरी "घर" असं लिहिलं होतं आणि आठ अंकांपुढे ही दोन अक्षरं मिळून दहा भरले होते.

१५ जून

फाईल बाईंच्या संगणकावर टाकली. त्या रजिस्टर घेऊन लाल ओळी एकेक दुरुस्त करतात. दुरुस्ती बी रकान्यातच करायची, मूळ प्रत वेगळी ठेवली आहे. नंबर बरोबर बसला की डी रकान्यातला रंग लगेच जातो. त्यांना हे फार आवडलं आहे.

एक अडचण आली. नवीन सभासदांच्या ओळी दुसऱ्या फाईलमधून चिकटवल्यावर काही ठिकाणी रंगच येईना. Manage Rules उघडून बघितलं तर एकेका नियमाची पाच-सहा तुकड्यांत फाळणी झालेली, Applies to च्या खान्यात लांबलचक पत्ते. चिकटवताना पेशीबरोबर तिचं फॉरमॅटिंगही येतं आणि नियमाचा पट्टा मध्येच तुटतो. जास्तीचे तुकडे काढून प्रत्येक नियमाचा पट्टा पुन्हा D2 पासून सलग केला. आता बाईंना सांगितलं आहे, चिकटवायचं ते Paste Special मधून Values एवढंच, आणि सी, डी, ई चे फॉर्म्युले वरच्या ओळीतून खाली ओढायचे.

नवीन नंबरांसाठी बी रकाना Text फॉरमॅटमध्ये ठेवला आहे, म्हणजे यापुढे शून्य खाल्लं जाणार नाही. डेटा व्हॅलिडेशनही लावून पाहिलं. हाताने टाकलेला चुकीचा नंबर ते अडवतं, पण चिकटवलेला अडवत नाही. आमच्याकडे निम्मे नंबर फोनवरून कॉपी होऊनच येतात, त्यामुळे पहारा रंगांवरच.

पिवळ्यांचं काय करायचं ते आज ठरलं. मेसेजच्या यादीतून ते वगळले. बेळगाव आणि खानापूरच्या घरच्या फोनांवर बाई आणि एक कमिटी सदस्य फोन करून मोबाईल नंबर विचारणार, गोव्याचे काका बघणार, त्यांची मुलगी म्हापशाला असते. जे फोन वाजतच नाहीत त्यांच्या घरी सूचनेचं पत्र जाईल, पत्ते रजिस्टरमध्ये आहेत.